समजून घ्या : एक बाजू कमजोर का राहते? आठवड्याचा व्यायाम न वाढवता ती कशी भरून काढायची?

बेंच प्रेसचे शेवटचे दोन रेप्स उरले, की बारबेलचे एक टोक आधी वर जाते आणि दुसरे मागे रेंगाळते. स्क्वॉट करून वर येताना कंबर एका बाजूला सरकते. जिना चढताना एका पायावर भरवसा वाटतो, दुसऱ्यावर तेवढा वाटत नाही. जिममध्ये नियमित जाणाऱ्या अनेकांना हे अनुभव ओळखीचे असतात. बारवरचे वजन महिन्यागणिक वाढत असते, त्यामुळे प्रगती सुरू आहे असे वाटते; पण एक बाजू मागेच राहते. त्यावर बहुतेक जण दोन उपाय करतात. एकतर दुर्लक्ष करतात किंवा कमजोर बाजूसाठी वेगळा दिवस काढून तिच्यावर तुटून पडतात. दोन्हींची गरज नसते. नेहमीच्या आराखड्यातले काही व्यायाम एका पायावर किंवा एका हाताने केले आणि त्यांचा क्रम व मोजणी बदलली, तर हे काम त्याच आठवड्यात बसते. हे कसे करायचे, फरक खरा आहे की भास हे कसे ओळखायचे आणि कुठे थांबायचे, याविषयी.

दोन्ही बाजूंची ताकद सारखी का नसते?

पूर्णपणे समान ताकदीचे हात-पाय जवळपास कुणाचेच नसतात. उजव्या हाताने लिहिणारा, वस्तू उचलणारा, दार ढकलणारा माणूस दिवसभरात त्या हाताचा वापर अधिक करतो. खेळाडूंमध्ये हा फरक आणखी वाढतो. लहानपणापासून टेनिस खेळणाऱ्यांच्या रॅकेटच्या हाताची हाडेही दुसऱ्या हातापेक्षा जाड झालेली आढळतात. हा दोष नसून शरीराने कामाशी करून घेतलेली जुळवणी आहे.

दुसरे कारण दुखापतीचे असते. घोटा मुरगळून किंवा हाड मोडून पाय काही आठवडे प्लास्टरमध्ये राहिला, की पोटरी आणि मांडी बारीक होते. गुडघ्याला सूज किंवा दुखापत असेल, तर मांडीच्या पुढच्या स्नायूला मिळणारे आदेशच शरीर कमी करते, म्हणजे स्नायू असूनही तो पूर्ण जोराने आकसत नाही. प्लास्टर निघते, चालणे सुरळीत होते, वेदना थांबतात आणि माणूस बरा झाला असे समजले जाते. ताकद मात्र आपोआप पूर्ण परत येईलच असे नाही. तोपर्यंत शरीराने दुसऱ्या पायावर भार टाकण्याची सवय लावून घेतलेली असते आणि ती सवय दुखापत बरी झाल्यावरही टिकते.

बारबेलवर हा फरक लपतो कसा?

स्क्वॉट, लेग प्रेस, बेंच प्रेस हे दोन्ही बाजूंनी एकाच वेळी करायचे व्यायाम आहेत. वजन एकच असते आणि ते उचलायला दोन पाय किंवा दोन हात असतात. कोणी किती वाटा उचलायचा याचे बंधन नसते. लेग प्रेसवर १०० किलो वजन असेल, तर ५० आणि ५० अशीच वाटणी होईल याची हमी नाही. ती ५५ आणि ४५ अशीही होऊ शकते. प्लेट दोन्ही पायांनी सरकते, त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला काही कळत नाही.

यातून एक चक्र तयार होते. मजबूत पाय दर वेळी थोडे जास्त काम करतो, म्हणून त्याला सराव जास्त मिळतो आणि तो मजबूतच राहतो. कमजोर पायाला दर वेळी थोडी सूट मिळते. वजन वाढवत गेल्याने हे चक्र तुटत नाही, कारण वाटणी तीच राहते. एका पायाच्या किंवा एका हाताच्या व्यायामात ही सूट मिळण्याची सोय नसते. भार कुणाकडे ढकलता येत नाही. म्हणूनच फरक मोजण्यासाठी आणि भरून काढण्यासाठी हेच व्यायाम उपयोगी पडतात.

फरक खरोखर आहे का, हे कसे तपासायचे?

टेपने दंड किंवा मांडी मोजणे ही पहिली सुचणारी गोष्ट. पण घेर आणि ताकद यांचा थेट हिशेब लागत नाही. त्यापेक्षा सोपी आणि कामाची चाचणी म्हणजे सारख्या वजनावर दोन्ही बाजूंचे रेप्स मोजणे.

पायासाठी स्प्लिट स्क्वॉट घेता येतो. एक पाय पुढे, एक मागे ठेवून उभे राहायचे आणि मागचा गुडघा जमिनीपासून चार बोटांवर येईपर्यंत खाली जायचे. हातासाठी उभ्याने किंवा बसून एका हाताने डंबेल डोक्यावर ढकलण्याचा शोल्डर प्रेस चालतो. वजन असे घ्यावे, की साधारण ६ ते १२ रेप्समध्ये ताकद संपेल. आधी वॉर्म-अप, मग ज्या बाजूबद्दल शंका आहे ती बाजू, तीन मिनिटे विश्रांती आणि मग दुसरी बाजू. ढब बिघडली, म्हणजे धड कलले, टाच उचलली गेली किंवा मधेच थांबावे लागले, की मोजणी तिथेच बंद. पायांतले अंतर दोन्ही बाजूंना सारखे राहावे म्हणून जमिनीवर खडूने किंवा चिकटपट्टीने खूण करून ठेवणे आवश्यक आहे. पाय वीतभर पुढे-मागे झाला तरी आकडा बदलतो.

ही चाचणी एकदाच करून निष्कर्ष काढू नये. दोन-तीन दिवसांनी ती पुन्हा करावी. माणसाची ताकद रोज सारखी नसते. झोप कमी झाली, आदल्या दिवशी जास्त चालणे झाले, तरी एक-दोन रेप्स इकडे-तिकडे होतात. उजवा पायच एका दिवशी १० आणि दुसऱ्या दिवशी १२ रेप्स करत असेल, तर डाव्या-उजव्यातल्या दोन रेप्सच्या फरकाला काही अर्थ नाही. दोन्ही दिवशी तीच बाजू मागे पडली आणि अंतर या रोजच्या चढ-उतारापेक्षा मोठे असले, तरच तो फरक खरा मानावा.

आणखी एक खबरदारी. एका व्यायामात डावी बाजू कमजोर निघाली म्हणजे ती सगळ्याच कामांत कमजोर असते असे नाही. बसून उठण्यात मागे पडणारा पाय उडी मारण्यात पुढेही असू शकतो. म्हणून ‘माझी डावी बाजू कमजोर आहे’ असे सरसकट न म्हणता ‘स्प्लिट स्क्वॉटमध्ये डावा पाय मागे आहे’ असे नेमके लिहून ठेवावे.

१२ आणि ६ रेप्स म्हणजे निम्मी ताकद का?

नाही, आणि इथेच सर्वाधिक गैरसमज होतो. एक उदाहरण घेऊ. समजा, ३६ वर्षांचा एक गृहस्थ आठवड्यातून तीन दिवस जिमला जातो. दोन वर्षांपूर्वी त्याचा डावा घोटा प्लास्टरमध्ये होता. दोन्ही हातांत साडेसात-साडेसात किलोचे डंबेल घेऊन केलेल्या स्प्लिट स्क्वॉटमध्ये त्याच्या उजव्या पायाने १२ रेप्स केले, डाव्याने ६. शोल्डर प्रेसमध्ये १० किलोच्या डंबेलवर उजव्या हाताने ११, डाव्याने ८.

पायाचे आकडे पाहून डाव्या पायात निम्मीच ताकद आहे असे वाटते. पण रेप्स आणि ताकद एकाच प्रमाणात वाढत नाहीत. एखादा माणूस जास्तीत जास्त किती वजन एकदाच उचलू शकेल, याचा अंदाज बांधण्यासाठी जिमच्या जगात एक सूत्र बरेच वापरले जाते. अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठाचे प्रशिक्षक बॉइड एप्ली यांच्या नावाने ते ओळखले जाते.

कमाल वजन = उचललेले वजन × (१ + रेप्स ÷ ३०)

दोन्ही पायांवर वजन सारखेच होते, त्यामुळे तुलना करताना ते निघून जाते आणि फक्त कंस उरतो. उजव्या पायाचा कंस १ + १२ ÷ ३०, म्हणजे १.४. डाव्याचा १ + ६ ÷ ३०, म्हणजे १.२. डाव्याला उजव्याने भागले, की साधारण ०.८६ येते. म्हणजे डावा पाय उजव्यापेक्षा सुमारे १४ टक्क्यांनी कमी आहे, ५० टक्क्यांनी नव्हे. हाताचा हिशेब असाच केला, तर उजव्याचा कंस १.३७, डाव्याचा १.२७ आणि फरक सुमारे ७ टक्के निघतो.

हे सूत्र अंदाजाचे आहे. रेप्स १२-१५ च्या वर गेले, की त्याचा अंदाज चुकू लागतो. पण घाबरून चुकीचा निर्णय घेऊ नये यासाठी ते पुरेसे आहे.

या दोन आकड्यांचा अर्थ वेगळा आहे. गुडघ्याच्या लिगामेंटच्या शस्त्रक्रियेनंतर खेळाडूला मैदानात परत पाठवताना, दुखावलेला पाय दुसऱ्याच्या किमान ९० टक्के ताकदीचा असावा, असा निकष मोठ्या प्रमाणावर वापरला जातो. हा निकष रुग्णांसाठीचा असला, तरी सामान्य व्यायाम करणाऱ्याला तो ढोबळ रेषा म्हणून वापरता येतो. १० टक्क्यांच्या आतला फरक सर्वसाधारण आहे. त्यापलीकडचा, वारंवार दिसणारा आणि मागे दुखापत झालेल्या बाजूचा फरक असेल, तर त्यावर काम करण्यासारखे आहे. या उदाहरणात हाताला फक्त शिस्त लागते, पायाला काम लागते.

आठवड्याच्या आराखड्यात नेमके काय बदलायचे?

या गृहस्थाचा सध्याचा आराखडा असा आहे. सोमवारी स्क्वॉट, बेंच प्रेस, केबल रो आणि लेग प्रेस. बुधवारी रोमानियन डेडलिफ्ट, बारबेल शोल्डर प्रेस, लॅट पुलडाउन आणि उभ्याने काफ रेज. शुक्रवारी हलक्या वजनाचे स्क्वॉट, इनक्लाइन बेंच प्रेस, बारबेल रो आणि पोटाचा एक व्यायाम. दर दिवशी चार व्यायाम, प्रत्येकाचे तीन सेट.

यात नवीन काही जोडायचे नाही, अदलाबदल करायची आहे. सोमवारच्या लेग प्रेसच्या जागी स्प्लिट स्क्वॉट येतो. बुधवारी बारबेलऐवजी एका हाताने डंबेल शोल्डर प्रेस आणि दोन पायांच्या काफ रेजऐवजी एका पायावर काफ रेज. शुक्रवारी हलक्या स्क्वॉटच्या जागी स्टेप-अप, म्हणजे गुडघ्यापेक्षा थोड्या कमी उंचीच्या बाकावर एका पायाने चढणे, आणि बारबेल रोच्या जागी एका हाताने डंबेल रो. बारापैकी पाच व्यायाम बदलले, सात तसेच राहिले.

जे राहिले त्यांचे कारण आहे. सोमवारचा मुख्य स्क्वॉट, बेंच प्रेस आणि डेडलिफ्ट यांत जड वजन उचलता येते. एका पायावर तोल सांभाळताना तेवढे वजन घेता येत नाही. सगळेच व्यायाम एका बाजूचे केले, तर एकूण ताकद वाढवण्याचे काम मंदावते. शिवाय मजबूत बाजूला तिचा पुरेसा भार या व्यायामांतूनच मिळत राहतो. हा मुद्दा पुढे कामाला येईल.

वेळेचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. दोन पायांच्या व्यायामाचा एक सेट साधारण ४० सेकंदांचा आणि त्यानंतर दोन मिनिटे विश्रांती धरली, तर तीन सेटना आठ मिनिटे लागतात. एका पायाच्या व्यायामात कमजोर पाय ४० सेकंद, ३० सेकंद विश्रांती, मजबूत पाय ४० सेकंद आणि मग दीड मिनिट विश्रांती, अशा तीन फेऱ्यांना दहा मिनिटे लागतात. म्हणजे पाच व्यायामांचे मिळून आठवड्याला दहा मिनिटे वाढली. हेच पाच व्यायाम जुने न काढता वर जोडले असते, तर ५० मिनिटे वाढली असती आणि थकवाही तेवढाच. बहुतेकांचा उत्साह तिसऱ्या आठवड्यात संपतो तो याच कारणाने.

सेट करताना क्रम आणि मोजणी कशी असावी?

दोन नियम पुरतात. पहिला, कमजोर बाजू आधी. ताजेतवाने असताना तिचा सेट झाला पाहिजे. मजबूत बाजू आधी केली, तर दम लागलेला असतो, पकड सैल झालेली असते आणि कमजोर बाजूला उरलेल्या ताकदीवर भागवावे लागते.

दुसरा, कमजोर बाजूने जेवढे रेप्स केले तेवढेच मजबूत बाजूने करायचे, त्याच वजनावर. डाव्या पायाने ८ केले, तर उजव्यानेही ८. त्याला १२ जमत असले तरी. हा नियम पाळणे जिममध्ये सर्वांत अवघड जाते. मजबूत बाजू ‘वाया’ जाते आहे असे वाटते. प्रत्यक्षात ताकद टिकवायला ती वाढवायला लागते त्यापेक्षा बरेच कमी काम पुरते, आणि मुख्य स्क्वॉटमध्ये तो पाय काम करतच असतो. त्यामुळे उजवा पाय टिकून राहतो आणि डावा त्याला गाठू लागतो.

वजन कमजोर बाजूवरून ठरवायचे आणि प्रत्येक सेट आणखी दोन रेप्स जमतील अशा अवस्थेत थांबवायचा. आपल्या उदाहरणातल्या गृहस्थाच्या डाव्या पायाने साडेसात किलोंवर जेमतेम ६ रेप्स केले होते. रोजच्या कामासाठी ते वजन जड आहे. त्याने दोन्ही हातांत अडीच-अडीच किलो घेऊन ८ रेप्सपासून सुरुवात करावी. तिन्ही सेटमध्ये १२ रेप्स नीट जमू लागले, की पाच-पाच किलो घेऊन पुन्हा ८ वर यावे. पहिल्या आठवड्यात दोनच सेट पुरेत. स्प्लिट स्क्वॉट नव्याने सुरू करणाऱ्याची मांडी आणि नितंब दोन-तीन दिवस चांगलेच दुखतात.

हाताच्या बाबतीत वजन वाढवण्याचे गणित वेगळे आहे. बहुतेक जिममध्ये डंबेल अडीच किलोंच्या टप्प्याने असतात. स्प्लिट स्क्वॉटमध्ये पायावर शरीराचेही वजन असते, त्यामुळे दोन हातांत मिळून पाच किलो वाढले तरी एकूण भार थोडाच वाढतो. शोल्डर प्रेसमध्ये मात्र १० वरून साडेबारा किलोंवर जाणे म्हणजे एकदम २५ टक्क्यांची वाढ. म्हणून हाताला रेप्सची पायरी जास्त लांब चढावी लागते. या गृहस्थाने १० किलोंवर दोन्ही हातांनी ६ रेप्सपासून सुरुवात करावी, दर आठवड्याला जमल्यास एक रेप वाढवावा आणि तिन्ही सेटमध्ये १२ झाल्याशिवाय साडेबारा किलोंना हात लावू नये.

कमजोर बाजूला जादा सेट द्यावा का?

फरक १० टक्क्यांच्या आत असेल, तर गरज नाही. वरचे दोन नियम पुरतात. त्यापेक्षा जास्त असेल, तर कमजोर बाजूला प्रत्येक व्यायामात एक सेट जादा द्यावा, त्याहून जास्त नाही. उदाहरणातल्या डाव्या पायाला सोमवारी स्प्लिट स्क्वॉटमध्ये आणि शुक्रवारी स्टेप-अपमध्ये प्रत्येकी चौथा सेट मिळेल. आठवड्याला दोन सेट. डाव्या हाताला एकही नाही.

दुप्पट सेट दिले, तर दुप्पट वेगाने फरक भरेल, हा हिशेब चुकतो. कमजोर बाजूला सवय कमी असते, म्हणून ती आधी थकते आणि सावरायलाही वेळ घेते. जादा सेटच्या ओझ्याने पुढच्या सत्रात तिचे रेप्स कमी होऊ लागले, तर काम अधिक झाल्याची ती खूण आहे. दोन सत्रे सलग असे झाले, की जादा सेट काढून टाकावा.

चाचणी पुन्हा चार आठवड्यांनी, त्याच वजनावर, त्याच खुणांवर. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांतली वाढ मुख्यत्वे तोल आणि स्नायूंचा ताळमेळ जमल्यामुळे असते. समजा, चौथ्या आठवड्याला डावा पाय ८ आणि उजवा १२ वर आला. सूत्राने फरक साडेनऊ टक्के निघतो. रेषेच्या आत आला म्हणून लगेच जादा सेट थांबवू नये. एका दिवसाच्या चढ-उताराने तो पुन्हा बाहेर जाऊ शकतो. आठव्या आठवड्याला डावा १० आणि उजवा १३ झाला, तर फरक सुमारे ७ टक्के. दोन चाचण्या सलग रेषेच्या आत आल्या, आता जादा सेट बंद. एका बाजूचे व्यायाम आणि कमजोर बाजू आधी हा क्रम मात्र ठेवावा.

मजबूत बाजूचा व्यायाम बंदच केला तर?

अनेकांना हा सोपा मार्ग वाटतो. तो उपयोगाचा नाही. त्यामागचे एक कारण सव्वाशे वर्षांहून अधिक काळ माहीत आहे. येल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड स्क्रिप्चर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८९४ मध्ये दाखवून दिले, की एकाच हाताला सराव दिला तरी सराव न दिलेल्या दुसऱ्या हाताची ताकदही वाढते. याला ‘क्रॉस एज्युकेशन’ म्हणतात. दुसऱ्या बाजूचा स्नायू त्यामुळे फारसा फुगत नाही. मेंदू आणि मज्जासंस्थेकडून मिळणारे आदेश सुधारतात.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की मजबूत पायाने केलेल्या कामाचा थोडा लाभ कमजोर पायालाही मिळतो. म्हणूनच एक पाय प्लास्टरमध्ये असताना फिजिओथेरपिस्ट दुसऱ्या पायाचा व्यायाम सुरू ठेवायला सांगू शकतात. पण हा लाभ मर्यादित असतो. कमजोर बाजूने स्वतः व्यायाम करण्याची जागा तो घेत नाही.

नेमके कुठे चुकते आणि ते कसे ओळखायचे?

कमजोर बाजू काम टाळण्याच्या वाटा शोधते. रेप्सचा आकडा वाढतो, पण ताकद वाढत नाही. हे ओळखण्यासाठी गुडघ्याच्या उंचीवर फोन ठेवून समोरून एका सेटचे चित्रीकरण करावे आणि दोन्ही बाजू शेजारी ठेवून पाहाव्यात.

स्प्लिट स्क्वॉटमध्ये वर येताना मागच्या पायाने ढकलले जाते. पुढच्या पायाची टाच उचलली जात असेल किंवा मागच्या पायाची मांडीच जास्त दुखत असेल, तर हेच घडते आहे. भार पुढच्या टाचेवर आणून वजन कमी करावे. त्याच व्यायामात गुडघा आत, दुसऱ्या पायाच्या दिशेने झुकत असेल, तर वजन जास्त आहे. गुडघा पायाच्या मधल्या बोटांच्या रेषेत राहील इतके ते उतरवावे.

स्टेप-अपमध्ये जमिनीवरचा पाय उडी देतो. यावर साधा उपाय आहे. खालच्या पायाची बोटे वर उचलून फक्त टाच जमिनीला टेकवून चढायचे. टाचेने उडी घेता येत नाही, त्यामुळे सगळे काम वरच्या पायाला करावे लागते. बाकाची उंची हाताच्या तळव्याएवढी कमी करावी लागली तरी चालेल.

शोल्डर प्रेसमध्ये धड दुसऱ्या बाजूला कलते आणि डंबेल वर जाते. रोमध्ये कंबर वळवून डंबेल ओढले जाते. मोकळा हात बाकाला टेकवला आणि कोपर कंबरेच्या रेषेपर्यंतच आणले, की ही पळवाट बंद होते. वळवल्याशिवाय जेवढे रेप्स होतात तेवढेच मोजावेत.

कधी व्यायाम थांबवून डॉक्टरांकडे जावे?

व्यायामाने भरून निघणारी कमजोरी जुनी, स्थिर आणि वेदनारहित असते. एका बाजूच्या हाता-पायात अचानक बळ कमी झाले, सोबत चेहरा वाकडा होणे किंवा बोलणे अडखळणे असेल, तर ती पक्षाघाताची लक्षणे असू शकतात आणि तातडीने रुग्णालय गाठावे लागते. कंबरेतून पायात किंवा मानेतून हातात उतरणारी कळ, मुंग्या, बधिरपणा, पाऊल उचलता न येणे, एक हात किंवा पाय हळूहळू बारीक होत जाणे, या गोष्टी नसेच्या त्रासाकडे बोट दाखवतात. गुडघा अडकतो, मध्येच सटकल्यासारखा वाटतो किंवा व्यायामानंतर सुजतो, तर आधी अस्थिरोगतज्ज्ञ. या सगळ्यांत जादा सेट देणे म्हणजे निदान लांबवणे.

पूर्ण समानता गाठायलाच हवी का?

नाही. दोन्ही बाजूंत फरक असला की दुखापत होतेच, असा सरळ संबंध संशोधनातून सिद्ध झालेला नाही. निष्कर्ष संमिश्र आहेत. खेळाडूंच्या शरीरातला फरक काही अंशी त्यांच्या खेळासाठी झालेला असतो. त्याच वेळी वेगवान गोलंदाजांमध्ये कंबरेच्या मणक्याचे ताणामुळे होणारे फ्रॅक्चर बहुतेकदा गोलंदाजीच्या हाताच्या विरुद्ध बाजूला आढळते, म्हणजे एकाच बाजूने वारंवार होणारे काम शरीरावर खुणाही सोडते. उजव्या हाताने बॅडमिंटन खेळणाऱ्याचा डावा हात थोडा मागे राहणारच आणि त्याने काही बिघडत नाही. पण जुन्या दुखापतीमुळे मागे पडलेला पाय वेगळा. त्याने ९० टक्क्यांची रेषा ओलांडली, चाचणीत तो दोनदा टिकला आणि जिना उतरताना त्याच्यावर विनासायास भार देता येऊ लागला, की काम झाले. उरलेल्या काही टक्क्यांमागे न लागता जादा सेटचा वेळ पुन्हा मुख्य व्यायामांना द्यावा आणि दर तीन महिन्यांनी एकदा रेप्स मोजून पाहावेत.